नोटीस पीरियड तीन महिन्यांचा, ऑफर लेटरवर तारीख दीड महिन्याची. रिक्रूटरला मेल कसा लिहू?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली. चाकणच्या एका कंपनीकडून ऑफर आली आहे. लेटर 30 मेचं आहे आणि 7 जूनपर्यंत होकार कळवायचा आहे. पगार, पद सगळं ठीक, पण रुजू व्हायची तारीख 15 जुलै छापली आहे. माझ्या नेमणूकपत्रात तीन महिन्यांची नोटीस आहे.

मुलाखतीत मला कुणी नोटिशीबद्दल विचारलंच नाही. सगळं कन्सल्टंटमार्फत झालं आणि त्याने फॉर्मवर परस्पर '30 दिवस, कमी-जास्त होईल' असं लिहून टाकलंय. आता तो म्हणतो, "आधी होकार द्या, तारखेचं नंतर बघू." मला ते पटत नाही. रिक्रूटर मॅडमना सरळ मेल करायचा विचार आहे, पण काय आणि किती लिहायचं ते कळेना. जास्त लिहिलं तर रडगाणं वाटेल, कमी लिहिलं तर ऑफरच काढून घेतील.

अजून राजीनामा दिलेला नाही.

सदाफुली

राजीनाम्याचा मेल साधा ठेवा. 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, आजवर मिळालेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे' इतकं पुरतं. कारण खोलात सांगायचं नाही. माझ्या भाच्याने दोन पानं लिहिली होती, साहेबांनी त्यावर तासभर चर्चा केली.

उद्यमनगरी

ताई, राजीनाम्याचं नाही विचारत हो. नव्या कंपनीला तारीख पुढे ढकला म्हणून सांगायचंय.

बिनधास्त_बावडेकर

भावा, एवढं काय टेन्शन घेतोस? नोटीस पीरियड म्हणजे कागदावरचा वाघ. कुठलंही कोर्ट तुला जबरदस्तीने कामाला बसवू शकत नाही. एक महिना दे, उरलेल्या दोन महिन्यांचं बेसिक तोंडावर मार आणि चाकण गाठ. फक्त एक ध्यानात ठेव, त्या पैशावर 18 टक्के जीएसटी पण लागतो, तेवढी तयारी ठेव.

पंचगंगाकाठ

मी बारा-तेरा वर्षं एचआरमध्ये आहे, आधी पुण्यात, आता गोकुळ शिरगावात. बावडेकरांचं अर्धं खरं आहे. नोकरीचा करार जबरदस्तीने राबवून घेता येत नाही, हे बरोबर. पण नोटीस न भरल्याचे पैसे कंपनी मागू शकते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे रिलीव्हिंग लेटर अडतं. चाकणच्या बऱ्याच कंपन्या ते पहिल्याच दिवशी मागतात. शिवाय जुन्या कंपनीने पीएफवर सोडल्याची तारीख वेळेत टाकली नाही आणि नवीकडे खातं सुरू झालं, की दोन नोकऱ्या एकावर एक दिसतात. ते पार्श्वभूमी तपासणीत हमखास विचारलं जातं.

जीएसटीचं मात्र जुनं झालं. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने परिपत्रक काढून स्पष्ट केलं की नोटिशीपोटी कापलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही. आणि 'बेसिक तोंडावर मार' हे नेमणूकपत्र वाचल्याशिवाय बोलू नये. उद्यमनगरी, तुमच्या पत्रातलं नोटिशीचं कलम जसंच्या तसं इथे टाका. कंपनीचं नाव नको.

उद्यमनगरी

इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो. "कायम झाल्यावर दोन्हीपैकी कोणताही पक्ष तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन सेवा संपवू शकेल. नोटिशीऐवजी पगार स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील." पगार म्हणजे बेसिक की पूर्ण, ते लिहिलेलं नाही. माझं बेसिक 28,000 आणि एकूण 62,000.

पंचगंगाकाठ

बघा, यात सगळं आलं. काही पत्रांत 'तीन महिन्यांची नोटीस किंवा त्याऐवजी पगार' असं असतं, तिथे पैसे भरून निघायचा पर्याय तुमच्या हातात असतो. तुमच्याकडे तो व्यवस्थापनाच्या मर्जीवर आहे. म्हणजे तुम्ही पैसे पुढे केले तरी ते 'नको, काम करा' म्हणू शकतात. त्यामुळे रिक्रूटरला "मी बायआउट करून येतो" असं लिहून देऊ नका. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नये.

रकमेचा फरकही बघून ठेवा. समजा 26 दिवस कमी भरले. बेसिकवर धरलं तर साधारण 24,300 रुपये होतात, एकूण पगारावर धरलं तर 53,700 च्या आसपास. पत्रात स्पष्ट नसलं की कंपनी सहसा मोठा आकडा धरते आणि शेवटच्या हिशेबातून कापून मोकळी होते.

आता मेलचं. कन्सल्टंटचं 'आधी होकार' ऐकू नका. त्याला कमिशन बहुतेक तुम्ही रुजू झाल्यावरच मिळतं, म्हणून त्याला घाई. तुम्ही 15 जुलैवर सही केलीत आणि आठवड्याने तारीख वाढवा म्हणालात, तर समोरच्याला ते शब्द फिरवल्यासारखं वाटतं. तीच गोष्ट सहीच्या आधी सांगितली तर ती अटींची बोलणी असते. मेल थेट कंपनीच्या रिक्रूटरला, ज्या मेलवर ऑफर लेटर आलं त्यालाच उत्तर म्हणून. कन्सल्टंटला सीसीत ठेवा, उद्या "मला सांगितलंच नाही" म्हणायला नको.

टेंबलाई

मध्येच घुसते, माफ करा. माझं नेमकं उलट आहे. मी कोल्हापुरातून घरून काम करते, कंपनी पुण्याची, आयटी. नोटीस 90 दिवसांची होती म्हणून नव्या कंपनीकडून ऑगस्टअखेरची तारीख घेतली. पण प्रोजेक्ट बंद झाला आणि आता हे मला 30 जूनलाच सोडतायत. दोन महिने बिनपगारी बसावं लागेल. लवकर घ्या म्हणून मेल केला तर चालतो का? की गरजू वाटते मी?

पंचगंगाकाठ

टेंबलाई ताई, चालतं, आणि उशिराच्या मेलपेक्षा हा मेल सोपा आहे, कारण बहुतेक मॅनेजरना माणूस कालच हवा असतो. अडतं ते दुसरीकडेच. तुमची पार्श्वभूमी तपासणी पूर्ण व्हायला हवी, लॅपटॉप यायला हवा, आणि बऱ्याच कंपन्या ठरावीक दिवशीच रुजू करून घेतात. म्हणून एकच तारीख मागू नका. "30 जूनला मला कार्यमुक्त करत आहेत, तसं पत्र जोडलं आहे. 1 जुलैनंतर तुमच्या सोयीच्या ज्या दिवशी नवीन लोक रुजू होतात त्या दिवशी मी येऊ शकते" एवढं लिहा. प्रोजेक्ट बंद झाला हे सांगितलं तरी बिघडत नाही, पण पगाराच्या खंडाचं रडू नका.

त्याआधी एक बघा. कंपनीने स्वतःहून लवकर सोडलं तर उरलेल्या नोटिशीचा पगार देय आहे का, ते तुमच्या पत्रातल्या शब्दांवर ठरेल. त्यांनी 'तुमच्या विनंतीवरून लवकर कार्यमुक्त' असं लिहून आणलं तर सही करू नका.

टेंबलाई

बाप रे. तसंच लिहून आलंय. "परस्पर संमतीने" असा शब्द आहे.

पंचगंगाकाठ

मग अजून सही करू नका. नवा धागा काढा, इथे उद्यमनगरींचं राहून जाईल.

ओतारी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. माझी स्वतःची फाउंड्री नाही, पण शिरोलीतच प्लँट सांभाळतो. उद्यमनगरी, मेलबिल नंतर कर, आधी तुझ्या साहेबाला विश्वासात घे. क्वालिटीचा माणूस एका महिन्यात मिळत नाही. ग्राहकाचं ऑडिट असेल, कुठल्या तरी पार्टचं पीपीएपी, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीचे कागद, अर्धवट असतील, ते कोण निस्तरणार? तू आधी सांगितलंस तर साहेब माणूस शोधायला लागेल आणि कदाचित दोन महिन्यांत सोडेलही. राजीनामा थेट टेबलावर आपटला तर इगो आडवा येतो, मग शेवटच्या दिवसापर्यंत बसवून ठेवतात. आणि एमआयडीसी केवढीशी आहे? चहाच्या गाड्यावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

पंचगंगाकाठ

ओतारी दादा, तुमच्यासारखा साहेब असेल तर ठीक. पण हातात पक्कं पत्र नसताना सांगायचं, आणि नव्या कंपनीने तारीख नाकारून ऑफर मागे घेतली, तर हा माणूस तिथेच राहणार. मग पुढच्या पगारवाढीला त्याचं काय होतं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

ओतारी

ते खरं. पण मागून कळलं की जास्त लागतं, हे मी खुर्चीत बसून अनुभवलंय. माझं मत मी बदलणार नाही.

पंचगंगाकाठ

असू द्या. उद्यमनगरी, ते तुमचं तुम्ही ठरवा, साहेब तुमचा आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण मेलची अख्खी मांडणी त्यावर उभी आहे. तुमची रुजू व्हायची तारीख आज ठरतच नाही. ती ठरते सुधारित ऑफर लेटर कधी हातात पडतं त्यावरून. नव्या तारखेचं पत्र आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, आणि राजीनामा दिल्याशिवाय नोटिशीचं घड्याळ सुरू होत नाही. त्यांनी पत्राला दहा दिवस लावले तर तुमचा शेवटचा दिवसही दहा दिवसांनी सरकतो. लोक मेलमध्ये नुसतं "मी सप्टेंबरमध्ये येईन" लिहितात, पत्र यायला उशीर होतो आणि मग दोष उमेदवाराच्या माथी. म्हणून मेलमध्ये साखळी लिहा: पत्र अमुक तारखेला मिळालं तर राजीनामा अमुक तारखेला, शेवटचा दिवस अमुक, रुजू अमुक.

मोजणी नीट करा. 10 जूनला राजीनामा दिला तर तीन महिने 9 सप्टेंबरला भरतात. पत्रात 90 दिवस असते तर 7 किंवा 8 सप्टेंबर आला असता, राजीनाम्याचा दिवस धरतात की नाही त्यावर. एका दिवसाचाही वाद नको म्हणून शेवटच्या दिवसानंतर चार-पाच दिवस हातात ठेवा. कागद घ्यायचे, चाकणला खोली बघायची, सामान न्यायचं. शिल्लक रजा नोटिशीत वळती होतील असं गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी नोटिशीत रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे वाढवतात.

मसुदा मराठीत देतो, पाठवताना इंग्रजीत करून पाठवा.

> विषय: 30 मेचं ऑफर लेटर, रुजू होण्याच्या तारखेबाबत विनंती
>
> नमस्कार मॅडम,
>
> ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. पद, पगार आणि बाकीच्या अटी मला मान्य आहेत. फक्त रुजू होण्याच्या तारखेबद्दल होकार देण्याआधी कळवतो आहे.
>
> पत्रात 15 जुलै ही तारीख आहे. माझ्या सध्याच्या नेमणूकपत्रात तीन महिन्यांची नोटीस आहे, ते पान सोबत जोडलं आहे. कन्सल्टंटकडच्या फॉर्मवर 30 दिवसांची नोंद असल्याचं मला आत्ता समजलं. ती कृपया दुरुस्त करून घ्यावी.
>
> सुधारित पत्र 9 जूनपर्यंत मिळालं तर मी 10 जूनला राजीनामा देईन. माझा शेवटचा दिवस 9 सप्टेंबर राहील आणि 15 सप्टेंबरला मी नक्की रुजू होईन. पत्रात ही तारीख घ्यावी, ही विनंती.
>
> आमच्याकडे ग्राहकाचं ऑडिट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आहे. ते झाल्यावर लवकर कार्यमुक्त करण्याची विनंती मी करणार आहे. लेखी मंजुरी मिळाली तर त्याच दिवशी आपल्याला कळवेन.
>
> होकाराची मुदत 7 जून आहे, त्याआधी आपलं उत्तर मिळालं तर बरं होईल.

ऑडिटची तारीख मी अंदाजाने टाकली आहे, तुमची खरी असेल ती घाला. नेमणूकपत्राचं पान जोडताना पगाराचे आकडे झाका.

बिनधास्त_बावडेकर

यात बायआउटचं एक अक्षर नाही. त्यांनीच विचारायची वाट बघायची? माझ्या मते सरळ लिहावं, "तुम्ही पैसे भरत असाल तर ऑगस्टच्या मध्यात येतो." चाकणवाल्यांकडे पैसे असतात.

पंचगंगाकाठ

पहिल्या मेलमध्ये नको असं माझं मत. जागा खरंच तातडीची असेल तर रिक्रूटर स्वतः विचारते. तुम्ही आधी काढलंत की ती ऑगस्ट हीच तुमची खरी तारीख समजते, आणि सप्टेंबर मागे पडतो. विचारलंच तर दोन गोष्टी लेखी घ्या. एक, किती रक्कम आणि कधी मिळणार. बहुतेक कंपन्या ती रुजू झाल्यावर पगारातून देतात आणि त्यावर कर कापला जातो, म्हणजे तुमच्या जुन्या हिशेबातून आज 53,700 गेले तरी तिकडून तेवढे हातात पडत नाहीत. दुसरं, वर्षाच्या आत सोडलं तर ते परत करायचे का.

पण उद्यमनगरींच्या पत्रात मर्जी व्यवस्थापनाची आहे, हे बावडेकर पुन्हा विसरले.

बिनधास्त_बावडेकर

विसरलो नाही ओ. पैसे बघितल्यावर मर्जी फिरते.

ओतारी

आमच्याकडे नाही फिरत. ऑडिटच्या तोंडावर 53,000 रुपये घेऊन मी काय करू, मला माणूस पाहिजे. आणि हे लक्षात घ्या, गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतात. त्या दिवसांत निम्मा फ्लोअर सुट्टीवर. काम हाती द्यायला समोर माणूसच नसणार. लवकर सुटायचं असेल तर ते आधी उरकून घे, सप्टेंबरवर ठेवू नकोस.

उद्यमनगरी

हे बरं सांगितलंत दादा. ऑडिट जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. कालच मेल पाठवला, तारखा तशाच ठेवल्या.

आज मॅडमचा फोन आला. आवाजावरून नाराज वाटल्या. "फॉर्मवर तर 30 दिवस होते" असं दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, ते मी भरलेलं नाही, जोडलेलं पान बघा. मग म्हणाल्या, मॅनेजर एवढे थांबतील का विचारते, 1 सप्टेंबरला जमेल का? मी फोनवर हो-नाही काहीच बोललो नाही, मेलवर कळवतो म्हटलं. आता काय लिहू?

पंचगंगाकाठ

फोनवर शब्द दिला नाही हे उत्तम. आजच उत्तर द्या, उद्यावर नको. "आपल्या फोननुसार" अशी सुरुवात करा, म्हणजे फोनवरचं बोलणं लेखी नोंदवलं जातं. 1 सप्टेंबर माझ्या हातात नाही, कारण नऊ दिवसांची सूट व्यवस्थापनाने द्यावी लागेल, असं सरळ लिहा. पत्रात 15 सप्टेंबरच ठेवा, मात्र लवकर कार्यमुक्ती मिळाली तर आधी रुजू व्हायला माझी तयारी आहे, हेही लिहा. त्यांच्या पद्धतीत बसत असेल तर पत्रात '15 सप्टेंबर किंवा त्याआधी' असा शब्दप्रयोग मागा. मॅनेजरला 'आधी' दिसतं, तुम्हाला 15 तारीख राहते.

सदाफुली

आणि ऑफर काढून घेतली तर?

पंचगंगाकाठ

काढून घेऊ शकतात. होकार दिलेला नाही, राजीनामाही दिलेला नाही, त्यामुळे नोकरी शाबूत आहे. 1 सप्टेंबरवर सही करून तिकडे सुटका झाली नाही, तर दोन्हीकडून अडकले असते.

उद्यमनगरी

उत्तर आलं मंडळी. पत्र बदलून आलंय, '15 सप्टेंबर किंवा त्याआधी' असंच आहे. मुदतीच्या आदल्या दिवशी आलं. होकार पाठवला.

पण त्यांनी एक अट टाकली आहे. राजीनामा दिल्यापासून तीन दिवसांत तो स्वीकारल्याचा पोर्टलवरचा स्क्रीनशॉट पाठवायचा. आमच्याकडे कसलं पोर्टल! राजीनामा कागदावर, आणि साहेब सही करतील तेव्हा करतील. एका सहकाऱ्याला सही मिळायला तीन आठवडे लागले होते.

ओतारी

दोन प्रती काढ. एक ऑफिसच्या आवक नोंदवहीत नोंदवून घे, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. क्लार्क शिक्का मारतो, त्याला साहेबाची परवानगी लागत नाही.

पंचगंगाकाठ

बरोबर, आणि त्याच दिवशी तोच राजीनामा साहेबांना आणि एचआरला मेलवरही पाठवा, तुमचा खाजगी आयडी सीसीत ठेवून. रिक्रूटरला मात्र आत्ताच, राजीनामा देण्याआधी कळवा की तुमच्याकडे पोर्टल नाही, म्हणून शिक्क्याची प्रत पाठवाल आणि स्वीकृतीपत्र मिळेल तेव्हा पाठवाल. नोटीस राजीनामा मिळाल्यापासून मोजतात की स्वीकारल्यापासून, ते तुमच्या पत्रात लिहिलंय का?

उद्यमनगरी

"लेखी नोटीस देऊन" एवढंच आहे.

पंचगंगाकाठ

मग दिल्यापासून, असं म्हणायला जागा आहे. पण साहेबांनी स्वीकृतीपत्रात दुसरीच तारीख घातली तर वाद होऊ शकतो. राजीनाम्यातच लिहा, 'नोटिशीनुसार माझा शेवटचा दिवस 9 सप्टेंबर राहील.' त्यांनी आक्षेप घेतला तर जूनमध्येच कळेल.

ओतारी

आणि आवकचा शिक्का सकाळी घे. दुपारनंतर क्लार्क जीएसटीच्या बिलात अडकलेला असतो, मग "उद्या या" म्हणतो आणि तारीख 11 पडते.